बँड न वाजताही कर भरणारे

मार्च महिना लागला की महाराष्ट्रातल्या महापालिकांची करखाती कार्यालयाबाहेर पडतात. वसुलीची पथके तयार होतात, थकबाकीदारांच्या याद्या निघतात, दुकाना-गोदामांना सील लागते, नळजोड तोडले जातात. पुण्यात आणि ठाण्यात याच्याही पुढची पायरी गाठली गेली आहे. थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायचा. पथक येते, वाजंत्री सुरू होते, शेजारीपाजारी गॅलरीत जमतात, आणि कित्येकदा तिथल्या तिथे धनादेश लिहिला जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

ज्यांच्या दारात बँड वाजत नाही, त्यांची बातमी होत नाही. मिळकतकराचे बिल आले की मे संपायच्या आत ते भरून मोकळी होणारी हजारो कुटुंबे प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्याकडे कोणी तगादा लावत नाही, त्यांना कोणी नोटीस धाडत नाही. थकवणारा का थकवतो हे समजायला फारशी बुद्धी लागत नाही. पैसा हातचा सोडायला कोणालाच आवडत नाही. खरा विचार करायला लावणारा प्रश्न वेळेत भरणाऱ्यांचा आहे. हे लोक का भरतात?

अर्थशास्त्राने या प्रश्नाला हात घातला तो उलट्या टोकाकडून. गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये गुन्हा आणि शिक्षा यांचा हिशेब मांडला होता. तोच धागा पकडून मायकेल ॲलिंगहॅम आणि अग्नर सँडमो यांनी १९७२ मध्ये करचुकवेगिरीचे गणित मांडले. माणूस कर चुकवताना दोन गोष्टी तोलतो: पकडले जाण्याची शक्यता किती आणि पकडले गेलो तर दंड किती. समजा कोणी १०० रुपयांचा कर लपवला. पकडले जाण्याची शक्यता शंभरात एक, आणि पकडले गेल्यास मूळ कराखेरीज दुप्पट दंड, म्हणजे एकूण ३०० रुपये. शंभर वेळा लपवले तर सरासरी एकदा ३०० रुपये जातील, म्हणजे दर वेळी ३ रुपये. वाचतात १००. या हिशेबाने चालायचे तर प्रत्येक शहाण्या माणसाने कर लपवायला हवा. भारतात छाननीसाठी निवडल्या जाणाऱ्या विवरणपत्रांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे, आणि उत्पन्न चुकीचे दाखवल्याबद्दल प्राप्तिकर कायद्यातला कमाल दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पटच आहे. तरीही लोक कर भरतात, आणि ते गणितात बसते त्यापेक्षा पुष्कळ जास्त भरतात. हिशेबात न मावणाऱ्या या उरलेल्या भागाला अभ्यासकांनी जे नाव दिले, त्याला मराठीत करनिष्ठा म्हणता येईल.

पण निष्ठेचे श्रेय देण्याआधी थोडे थांबायला हवे. डेन्मार्क हा प्रामाणिक करदात्यांचा देश म्हणून ओळखला जातो. तिथल्या कर खात्याच्या मदतीने हेन्रिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस हजारांहून अधिक करदात्यांवर एक प्रयोग केला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. चिठ्ठ्या टाकून करदात्यांचे दोन गट पाडले. एका गटाच्या विवरणपत्रांची कसून तपासणी केली, दुसऱ्याला हात लावला नाही. पुढच्या वर्षी काहींना तपासणी होणार अशी पत्रे पाठवली, काहींना पाठवली नाहीत. तपासणीतून जे दिसले ते फार बोलके होते. पगार, बँकेचे व्याज, निवृत्तिवेतन अशा ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक परस्पर कर खात्याला कळवते, त्यात चोरी जवळजवळ शून्य. ज्या उत्पन्नाबद्दल करदात्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसतो, त्यात मात्र साधारण चाळीस टक्के उत्पन्न दडवलेले. माणसे तीच होती, देशही तोच होता. डेन्मार्कचा लौकिक मुख्यतः यावर उभा आहे की तिथले बहुतांश उत्पन्न पहिल्या प्रकारचे आहे. अमेरिकेच्या कर खात्याचे अंदाजही हेच सांगतात. पगारात चुकीची माहिती एक टक्का, आणि ज्या उत्पन्नाची कोणी परस्पर खबर देत नाही त्यात निम्म्याहून अधिक.

भारतात पगारदार माणूस नेहमी म्हणतो की प्रामाणिकपणे कर भरणारे आम्हीच. तो भरतो हे खरे. पण त्याचा कर टीडीएसच्या रूपाने हातात यायच्या आधीच कापलेला असतो, आणि २०२१ पासून वार्षिक माहिती विवरणात त्याचे व्याज, लाभांश, शेअरची खरेदी-विक्री सगळे मांडून ठेवलेले असते. त्याला चुकवायची संधीच फारशी नाही. त्यामुळे एखाद्या समाजाची करनिष्ठा मोजायची असेल तर प्राप्तिकराच्या आकड्यांकडे पाहून फार काही हाती लागत नाही. जिथे हात मोकळे असतात तिथेच ती पाहायला हवी.

म्हणूनच मिळकतकराचा, गावाकडच्या भाषेत घरपट्टीचा, दाखला मोलाचा आहे. इथे काही लपवता येत नाही. घर चारचौघांसमोर उभे असते, त्याची आकारणी महापालिकेनेच केलेली असते, बिल घरपोच येते. तरीही पैसे खिशातून स्वतः काढूनच द्यावे लागतात. ते कोणी कापून घेत नाही. न भरल्यास महापालिकेला जप्तीचा आणि लिलावाचा अधिकार आहे, पण राहत्या घराचा लिलाव करण्यापर्यंत गोष्टी क्वचितच जातात. भरायचे की नाही हा निर्णय इतक्या उघडपणे नागरिकाच्या हाती असलेला दुसरा मोठा कर आपल्याकडे नाही.

या करावर उशिराबद्दल जो दंड लागतो त्याला शास्ती म्हणतात. महाराष्ट्रातल्या महापालिकांत तिचा दर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के आहे. बँकेच्या वैयक्तिक कर्जापेक्षाही हा दर जड आहे, तेव्हा कागदावर तरी थकबाकी परवडू नये. परवडते, कारण मध्येच अभय योजना येते. थकबाकी ठरावीक मुदतीत एकरकमी भरली तर शास्तीचा मोठा हिस्सा माफ. पुणे महापालिकेने अशी योजना २०२०-२१ मध्ये आणली, लगेच २०२१-२२ मध्ये पुन्हा आणली, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात शास्तीत ७५ टक्के सूट देणारी आणखी एक योजना आली. राज्यातल्या इतर महापालिकांचीही कमीअधिक हीच रीत आहे.

एका बिलाचा हिशेब करून पाहू. बिल १०,००० रुपयांचे. शेजारी राहणाऱ्या दोघांपैकी एकाने ते वेळेत भरले. दुसऱ्याने पाच वर्षे थकवले आणि तेवढीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली. साठ महिन्यांची दोन टक्क्यांनी शास्ती १२,००० रुपये होते. अभय योजनेत तिच्यातले ७५ टक्के माफ झाले की उरतात ३,०००. म्हणजे पाच वर्षांनी थकबाकीदार एकूण १३,००० रुपये भरून मोकळा होतो. ठेवीवर ७ टक्के व्याज धरले तर त्याच्या १०,००० चे तोवर १४,००० च्या थोडे वर झालेले असतात. कर भरूनही त्याच्याकडे हजारभर रुपये उरतात. व्याजावरचा प्राप्तिकर वजा केला तर फायदा घटतो, पण ३० टक्क्यांचा वरचा दर लागू नसेल तर तोटा होत नाही.

वेळेत भरणाऱ्याला पुण्यात पाच किंवा दहा टक्के सूट मिळते, तीही बिलातल्या सर्वसाधारण करापुरती. ती उदारपणे पूर्ण बिलावर पाच टक्के धरली तरी त्याने ९,५०० रुपये पाच वर्षे आधी दिले. त्याच ७ टक्के दराने त्या रकमेचे पाच वर्षांनी १३,३०० च्या वर झाले असते. थकवणाऱ्याने भरले १३,०००. कायद्याच्या पुस्तकात चोवीस टक्के दंड असूनही मुदतीत भरणाऱ्याला भुर्दंड जास्त बसला.

हा हिशेब प्रत्येक मिळकतदार मांडत नाही, आणि मांडायची गरजही नाही. सोसायटीच्या बैठकीत एक माणूस सहज म्हणतो, थांबा, पुढच्या वर्षी योजना येईलच. एवढे वाक्य पुरते. करनिष्ठेवर काम करणारे बहुतेक अभ्यासक एका गोष्टीवर सहमत आहेत. मुदतीत भरणारा माणूस बिनशर्त सद्गुणी नसतो. बाकीचे बहुतेक भरत आहेत आणि न भरणाऱ्याला त्याचा लाभ होत नाही, या दोन समजुतींवर त्याचा प्रामाणिकपणा टिकून असतो. अभय योजना एकाच जाहिरातीत या दोन्ही समजुती खोट्या ठरवते. थकबाकीदार किती आहेत ते सांगते आणि त्यांचे काही बिघडले नाही हेही दाखवते.

जेम्स आल्म, मायकेल मकी आणि विल्यम बेक या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९९० मध्ये प्रयोगशाळेत हेच तपासले. स्वयंसेवकांना खरे पैसे देऊन कर भरण्याच्या फेऱ्या खेळायला लावल्या आणि मध्येच माफी जाहीर केली. माफीनंतर प्रामाणिकपणे भरण्याचे प्रमाण घसरले. माफीबरोबर पुढची तपासणी कडक केली तेव्हा ही घसरण भरून निघाली. दुर्दैवाने आपल्याकडच्या योजनांचा दुसरा भाग बहुधा घोषणेतच राहतो. मुदत संपल्यावर कठोर कारवाई होईल असे वाक्य दर वेळी छापले जाते, आणि ती कारवाई सुरू होऊन तडीस जाण्याआधी पुढची योजना येते.

केंद्र सरकारच्या पातळीवर हा इतिहास याहून जुना आहे. स्वातंत्र्यानंतर चारच वर्षांनी, १९५१ मध्ये, दडवलेले उत्पन्न स्वेच्छेने जाहीर करण्याची पहिली योजना आली. त्यानंतर १९६५, १९७५ आणि आणखी काही. सर्वांत गाजली ती १९९७ ची. त्या योजनेत सुमारे पावणेपाच लाख लोकांनी साधारण ३३,००० कोटी रुपयांचे उत्पन्न जाहीर केले, आणि सरकारला जवळपास दहा हजार कोटींचा कर मिळाला. आकडा डोळे दिपवणारा होता. पण व्यक्तींना दर होता फक्त ३० टक्के, त्यावर ना व्याज ना दंड, आणि आदल्या वर्षांत हेच उत्पन्न खरे दाखवणाऱ्याने ४० टक्के भरलेले होते. त्यातही दागिने जुन्या वर्षी घेतले म्हणून दाखवले तर त्यांची किंमत १९८७ च्या भावाने धरायची मुभा होती. साहजिकच कपाटातून सोने बाहेर आले आणि प्रत्यक्ष कर आणखी हलका झाला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पुढे या सवलतींवर कडक ताशेरे ओढले. २०१६ च्या योजनेने निदान हा धडा घेतला. त्या वेळी अधिभार आणि दंड धरून एकूण ४५ टक्के आकारले गेले, त्याच काळात प्राप्तिकराचा वरचा दर ३० टक्के असताना. जाहीर करणाऱ्याला तुरुंगापासून अभय मिळाले, पण प्रामाणिक माणसापेक्षा स्वस्तात तो सुटला नाही. माफी द्यायचीच असेल तर ती देण्याच्या दोन पद्धतींत किती अंतर असते हे या दोन वर्षांच्या तुलनेतून दिसते.

दंड कमी पडतो म्हणून तो वाढवावा, असे यावर कोणी म्हणेल. पिंपरी-चिंचवडमध्ये तो प्रयोगही होऊन गेला. अनधिकृत बांधकामावर मिळकतकराच्या दुप्पट शास्ती दरवर्षी लावण्याची तरतूद महापालिका कायद्यात झाली. नगरी अशी की कामगारवस्ती झपाट्याने वाढलेली, गुंठा-दोन गुंठे घेऊन बांधलेली घरे हजारोंनी. ज्या घराचा कर ४,००० रुपये, त्याला बिल आले १२,००० चे. हे बिल भरणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते, आणि भरले तरी घर अनधिकृतच राहणार होते. शास्ती अन्यायाची म्हणून लोकांनी मूळ करही अडवून धरला. वर्षानुवर्षे मोर्चे, आश्वासने, निवडणुकीची वचने झाली. आधी छोट्या घरांना सवलत मिळाली आणि अखेर २०२३ मध्ये राज्य सरकारने ही शास्ती माफ केली. वसूल होऊच शकणार नाही इतका मोठा दंड अखेर माफीच्याच वाटेने जातो, आणि मधल्या काळात जे ४,००० रुपये सहज आले असते तेही येत नाहीत.

कर अन्यायाचा वाटला की काय होते, याचा सर्वांत स्वच्छ दाखला ब्रिटनमध्ये सापडतो. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने घरांच्या मूल्यावर आधारलेली जुनी घरपट्टी काढून माणशी एकरकमी कर आणला. १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये, १९९० मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये. एका गावात राहणाऱ्या सरदाराला आणि सफाई कामगाराला सारखीच रक्कम. गरिबांना काही सूट होती, पण मूळ कल्पनाच लोकांच्या गळी उतरली नाही. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकात मोठी दंगल झाली. दंगलीपेक्षाही खोल परिणाम घडला तो शांतपणे. ज्या देशात स्थानिक कर न भरणे ही विरळा गोष्ट होती, तिथे लाखो लोकांनी बिल बाजूला ठेवले. १९९३ मध्ये हा कर रद्द झाला आणि पुन्हा घराच्या मूल्यावर आधारलेला कर आला. टिमोथी बेस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षांची स्थानिक आकडेवारी तपासली. अन्यायाचा कर गेला, तरी थकबाकी लगेच पूर्वपदावर आली नाही. ज्या भागात माणशी करावर जास्त बहिष्कार पडला होता, तिथे नवा, तुलनेने न्याय्य करही पुढे कितीतरी काळ कमी भरला गेला. शेजारचा भरत नाही हे एकदा पाहिलेले डोळ्यांसमोरून हलत नाही. करनिष्ठा मोडायला दोन-तीन वर्षे पुरली. ती सांधायला त्याहून पुष्कळ जास्त लागली.

गेल्या पंधरा वर्षांत या सगळ्यावर एक सोपा उपाय म्हणून पत्राचा बोलबाला झाला. ब्रिटनच्या कर खात्याने २०११ मध्ये कर थकवणाऱ्या एक लाखाहून अधिक लोकांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळी पत्रे पाठवली. काहींना नेहमीचे तगाद्याचे पत्र गेले. काहींच्या पत्रात करातून रुग्णालये, रस्ते, शाळा चालतात असे वाक्य होते. काहींना सांगितले की दहातले नऊ लोक वेळेत कर भरतात. आणि एका गटाला त्यापुढे जोडून सांगितले की न भरणाऱ्या अगदी थोड्या लोकांत तुम्ही आहात. हे शेवटचे पत्र सर्वांत प्रभावी ठरले. तेवीस दिवसांत भरणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या पत्रापेक्षा सुमारे पाच टक्क्यांच्या फरकाने वाढले. कागद तोच, टपालखर्च तोच, फक्त दोन ओळी वेगळ्या.

या यशाची गोष्ट जगभर सांगितली गेली, पण तिच्या मर्यादा तितक्या सांगितल्या गेल्या नाहीत. या लोकांचा कर आधीच ठरलेला होता, त्यांनी तो स्वतः कबूलही केला होता. पत्राने भरणा लवकर झाला. दडवलेले उत्पन्न बाहेर आले नाही. दडवलेल्या उत्पन्नाच्या बाबतीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९९५ मध्ये झालेला प्रयोग अधिक सावध करतो. तिथे करातून मिळणाऱ्या सेवांची आठवण देणारे आणि बहुसंख्य लोक प्रामाणिक आहेत असे सांगणारे, अशी दोन पत्रे पाठवली गेली. दोन्हींचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. तिसरे पत्र होते यंदा तुमचे विवरणपत्र बारकाईने तपासले जाईल असे सांगणारे. त्याने कमी आणि मध्यम उत्पन्नाचे लोक, त्यातही स्वतःचा धंदा किंवा शेती असलेले, जास्त उत्पन्न दाखवू लागले. सर्वांत श्रीमंत गटात मात्र दाखवलेले उत्पन्न उलट घटले. अभ्यासकांचे स्पष्टीकरण असे की श्रीमंताच्या दृष्टीने तपासणी ही वाटाघाटीची सुरुवात असते. सल्लागार हाताशी असतो, आणि पहिला आकडा कमी ठेवलेलाच बरा असतो.

लाजेचेही तसेच आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस, केंटकी आणि विस्कॉन्सिन या राज्यांत थकबाकीदारांची नावे सरकार जाहीर करते. शेजाऱ्यांनाही ही यादी कळू शकते याची जाणीव देणारी पत्रे थकबाकीदारांना पाठवून रिकार्डो पेरेझ-ट्रुग्लिया आणि उगो ट्रोयानो यांनी परिणाम मोजला. अडीच हजार डॉलरच्या आतली थकबाकी असलेल्यांनी पैसे भरले. मोठ्या थकबाकीदारांवर काहीच परिणाम झाला नाही. पुण्या-ठाण्यातल्या बँडची ताकद आणि मर्यादा यात दिसते. फ्लॅटमालकाला, छोट्या दुकानदाराला शेजाऱ्यांची नजर सोसवत नाही. मोबाइल टॉवरवरच्या करासारखी मोठी थकबाकी मात्र न्यायालयातल्या दाव्यांत अडकलेली असते, आणि तिथे वाजंत्री पोचत नाही. लाज वाटणाऱ्याकडून थोडे आणि न वाटणाऱ्याकडून काहीच नाही, अशी वसुली दीर्घकाळ चालली तर तिच्यातूनही अन्यायाचीच भावना वाढते.

मग पत्र चालते कधी? भारताच्या प्राप्तिकर खात्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये केलेला एक प्रयोग याचे चांगले उत्तर देतो. भारताला आता अनेक देशांकडून तिथल्या बँकखात्यांची माहिती आपोआप मिळते. त्या माहितीच्या आधारे खात्याने परदेशात मोठी रक्कम किंवा उत्पन्न असलेल्या १९,५०१ करदात्यांना एसएमएस आणि ईमेल पाठवले. छापा नाही, चौकशीची नोटीस नाही. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरायचे राहिले असेल तर डिसेंबरअखेर दुरुस्त करा, एवढाच आशय. ज्यांना संदेश गेला त्यांतल्या ६२ टक्क्यांनी दुरुस्ती केली. मोहीम संपली तेव्हा एकूण २४,६७८ जणांनी आपली विवरणपत्रे तपासून घेतली होती, म्हणजे संदेश गेले त्यापेक्षा जास्त लोकांनी, आणि २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता नोंदली गेली होती.

या संदेशाची भाषा सौम्य होती, पण त्याच्या मागे दोन घट्ट गोष्टी होत्या. एक, खात्याला खरोखर माहीत होते. दोन, काळा पैसा कायद्यानुसार परदेशी मालमत्ता न दाखवल्याबद्दल दहा लाखांचा दंड होऊ शकतो हे करसल्लागारांना पाठ होते. डेन्मार्कमध्ये जे मालक आणि बँकांच्या माहितीने साधते, तेच इथे एका एसएमएसने साधले. माहिती नसती तर तोच मजकूर मिनेसोटातल्या उपदेशाच्या पत्रांसारखा वाया गेला असता. आणि माहिती असूनही पहिलीच भेट छाप्याची झाली असती, तर विसरभोळा नोकरदार आणि सराईत दडवणारा यांना एकच वागणूक मिळाली असती. विश्वास दाखवूनही आपण पाहत आहोत हे कळवता येते, हे या मोहिमेने दाखवले, आणि ते महत्त्वाचे आहे.

महापालिकांकडे याच्याहून चांगली सामग्री पडून आहे. कोणी किती वर्षे न चुकता मे महिन्यात भरतो, कोण पाच वर्षांतून एकदा योजनेच्या वेळी उगवतो, कोणाचा वाद आकारणीबद्दल आहे आणि कोण नुसताच गप्प बसला आहे, हे सगळे संगणकात आहे. आपल्या प्रभागात मुदतीत भरणारे किती, हा आकडा बिलावर छापायला पैसा लागत नाही. मात्र तो सगळीकडे छापून चालणार नाही. दहातले आठ भरतात तिथे तो उरलेल्या दोघांना हलवेल. दहातले चारच भरतात तिथे तोच आकडा त्या चौघांना आपण एकटे पडलो असे सांगेल. तशा प्रभागात आधी आकारणीतल्या चुका दुरुस्त करणे, जुन्या आणि नव्या घरांच्या करातली तफावत समजावून सांगणे आणि ती कमी करणे, ही कामे पत्राआधीची आहेत.

आणि शास्तीचा दर. वरच्याच बिलावर दरमहा दोनऐवजी एक टक्का शास्ती धरा, प्राप्तिकराच्या उशिरावर आकारतात तेवढीच, आणि ती कधीही, कोणालाही माफ होणार नाही असे ठरवा. पाच वर्षांनी शास्ती ६,००० रुपये होईल आणि थकबाकीदाराला १६,००० भरावे लागतील. दोन टक्क्यांच्या कडक शास्तीत अभय मिळून तो १३,००० मध्ये सुटत होता. मुदत ठेवीत त्याचे १४,००० झाले होते. निम्म्या दराचा, पण न टळणारा दंड त्याला दोन हजारांनी तोट्यात टाकतो. ज्याला खरोखर भरता येत नाही, कमावता माणूस गेलेल्या घराला किंवा पगार थकलेल्या कामगाराला, त्याच्यासाठी हप्ते बांधून देता येतात, आणि ते अर्ज आल्यावर वर्षभर, एकेकाची परिस्थिती पाहून देता येतात. त्यासाठी मार्चची वाट पाहायची गरज नाही आणि वर्तमानपत्रात पानभर जाहिरातही लागत नाही.